गोळा पोटरीत, उगम भलतीकडे

रात्री दोन-तीनच्या सुमाराला झोपेत कूस बदलताना पाय ताणला जातो आणि पोटरीत गोळा येतो. हात लावून पाहावं तर स्नायूची टणक गाठ झालेली असते, टाच वर ओढली गेलेली आणि चवडा खाली वळलेला. मिनिट-दोन मिनिटांत गाठ सुटते, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटरी ठणकत राहते. सकाळी चहाच्या वेळी घरात हे सांगितलं की सल्ले ठरलेले असतात: केळी खा, तू पाणीच पीत नाहीस, मीठ-साखर-पाणी घे, कॅल्शियम कमी झालं असेल, औषधाच्या दुकानातून मॅग्नेशियमच्या गोळ्या आण. सल्ले देणाऱ्यांची माया खरी असते. पण एरवी धडधाकट असलेल्या माणसाच्या बाबतीत यातले बहुतेक सल्ले चुकीच्या दारावर जाऊन थाप मारतात.

गोळा पोटरीत दिसतो म्हणून आपण पोटरीला धरतो, तिच्यात काहीतरी कमी पडलं असेल असं मानतो. प्रत्यक्षात स्नायू फक्त हुकूम पाळत असतो. गोळा आलेला असताना स्नायूत बारीक सुई घालून त्यातली विद्युत हालचाल पाहिली, तर त्या स्नायूला चालवणाऱ्या नसांकडून संदेशांची झोड उठलेली दिसते. नस कुणीही न सांगता, आपण मुद्दाम स्नायू आवळतो तेव्हापेक्षाही जास्त वेगाने, एकामागून एक संदेश सोडत राहते आणि बिचारा स्नायू आवळत जातो. ही बेशिस्त नसेच्या स्नायूत शिरणाऱ्या टोकापाशी सुरू होते की मज्जारज्जूत, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण सुरुवात नसेच्या बाजूने होते, याबद्दल फारसा वाद उरलेला नाही.

पोटरीच का, आणि रात्रीच का? आपण झोपतो तेव्हा पावलं आपोआप खाली झुकतात. पालथं झोपलं तर जास्तच, आणि जड पांघरूण गादीखाली खोचलेलं असेल तर त्याचाही भार चवड्यावर येतो. पावलं अशी झुकली की पोटरीचा स्नायू आधीच आखूड होऊन बसतो. त्यात गुडघा वाकलेला असेल तर आणखी आखूड, कारण या स्नायूची वरची टोकं गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाला जोडलेली असतात. स्नायू ताणलेला असतो तेव्हा त्याच्या कंडरेतली संवेदक टोकं मज्जारज्जूला ‘आता पुरे’ असं कळवत असतात आणि नस आवरती घेतली जाते. आखूड स्नायूत हा लगाम सैल पडतो. मग झोपेत एखादी जांभई-आळस दिला, पाय ताणला, की नस सुटते ती सुटतेच.

म्हणूनच गोळा आल्यावर लागू पडणारा उपाय एकच, आणि तो आजीलाही माहीत होता: गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं नडगीकडे ओढायची. हात पोहोचत नसेल तर टॉवेल चवड्याला अडकवून ओढावा, किंवा उठून भिंतीला धरून त्या पायावर भार देत टाच जमिनीला टेकवावी. नुसतं चोळत बसण्यापेक्षा याने गाठ लवकर सुटते, कारण ताण मिळाल्याबरोबर तो लगाम पुन्हा ओढला जातो. रक्तातला एकही क्षार त्या अर्ध्या मिनिटात बदललेला नसतो.

याच मुद्द्यावर २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग मोठा गमतीचा आहे. किंचित घाम गाळलेल्या तरुणांच्या पायात विजेच्या हलक्या धक्क्यांनी मुद्दाम गोळा आणला गेला. मग एकदा त्यांना साधं पाणी दिलं, एकदा व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकडीच्या लोणच्याचं पाणी. मात्रा वजनाच्या दर किलोला एक मिलिलिटर, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला साधारण अर्धी वाटी. (आपल्या तेलातल्या कैरीच्या लोणच्याचा यात काही संबंध नाही, कुणी रात्री बरणी उघडून बसू नये.) लोणच्याच्या पाण्याने गोळा सुमारे दीड मिनिटात सुटला, साध्या पाण्यापेक्षा पाऊण मिनिट लवकर. गंमत पुढे आहे. इतक्या वेळात ते पाणी जठरातून पुढे सरकून रक्तात पोहोचणं शक्यच नव्हतं. म्हणजे मिठाने भरपाई केली नाही. आंबट-खारट झटक्याने घशातल्या नसांना चाळवलं आणि त्यांनी मज्जारज्जूमार्फत पायाच्या नसेला गप्प केलं, असा अर्थ संशोधकांनी काढला. क्षार भरून काढल्याचं वाटावं आणि काम नसेवर झालेलं असावं, असं या विषयात वारंवार घडतं.

मग पाणी आणि मीठ यांचा काहीच संबंध नाही का? आहे, पण तो वेगळ्या माणसांचा आहे. विलायतेतल्या खोल कोळसा खाणींतले मजूर उकाड्यात लिटरच्या लिटर घाम गाळत आणि तहान लागली की नुसतं पाणी पीत. त्यांना येणाऱ्या भयंकर गोळ्यांचा अभ्यास मॉस नावाच्या संशोधकाने १९२३ साली मांडला. घामातून मीठ जातं, पाण्याने फक्त पाणी भरतं आणि रक्त पातळ होतं, हे त्यातून दिसलं. पिण्याच्या पाण्यात थोडं मीठ घातल्यावर त्रास कमी झाला. ऑस्ट्रेलियात २०१९ साली झालेल्या एका छोट्या प्रयोगात हेच पुन्हा दिसलं. उकाड्यात धावून घामाघूम झालेल्या तरुणांनी साधं पाणी प्यायल्यावर त्यांच्या पोटऱ्यांत विजेने गोळा आणणं आणखी सोपं झालं, तर जलसंजीवनीसारखं क्षारयुक्त पाणी दिल्यावर अवघड. मे महिन्यात विदर्भात शेतात राबणाऱ्याला, भट्टीसमोर उभं राहणाऱ्याला किंवा दिवसभर जुलाब झालेल्याला हे तंतोतंत लागू आहे.

पंख्याखाली दिवस काढून, संध्याकाळी अर्धा तास फिरून, साधं जेवून झोपणाऱ्याला ते लागू नाही. त्याची मूत्रपिंडं पाणी आणि सोडियम यांचा हिशेब नीट ठेवत असतात. त्याने रोज एक लिटरचं जलसंजीवनीचं पाकीट प्यायचं ठरवलं, तर रोज अडीच ग्रॅमपेक्षा थोडं जास्त मीठ वाढलं, आणि त्यातल्या सोडियम सायट्रेटचं सोडियम वेगळंच. दिवसभराचं सगळं मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बीपीच्या माणसाला हा सौदा अजिबात परवडणारा नाही.

मॅग्नेशियमचा पसारा सगळ्यात मोठा, म्हणून त्याच्याकडे जरा सविस्तर पाहू. इस्रायलमध्ये रात्री गोळे येणाऱ्या ९४ जणांवर एक चाचणी झाली. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना मॅग्नेशियम ऑक्साइडच्या गोळ्या, निम्म्यांना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पण आत काहीच औषध नसलेल्या गोळ्या, चार आठवडे. मॅग्नेशियम घेणाऱ्यांचे आठवड्याचे गोळे सरासरी तिनाने कमी झाले. रिकाम्या गोळ्या घेणाऱ्यांचेही सरासरी तिनानेच कमी झाले! वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्षही हाच आहे: प्रौढ आणि वृद्ध माणसांत मॅग्नेशियमने रात्रीच्या गोळ्यांना अर्थपूर्ण आळा बसण्याची शक्यता कमी.

या आकड्यांतली खरी शिकवण मॅग्नेशियमपुरती नाही. हे गोळे लाटेसारखे येतात: काही आठवडे पिच्छा पुरवतात, मग आपणहून ओसरतात. माणूस उपाय शोधतो तो लाट चढलेली असताना. त्यानंतर त्याने केळी खाल्ली, मॅग्नेशियम घेतलं किंवा उशीखाली काहीही ठेवलं, तरी महिन्याभरात ‘फरक’ पडणारच. म्हणून ‘मला तर त्यानेच बरं वाटलं’ या वाक्यावर माझा फारसा विश्वास नाही. सांगणारा खोटं बोलत नसतो, तरीही.

केळ्याचंही तसंच. एका मध्यम केळ्यात जवळपास चारशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज साडेतीन हजारांच्या घरातली. केळं खाण्यात तोटा काहीच नाही. पण पोटॅशियम खरोखर घसरलं तर मुख्य तक्रार असते ती हातापायांतल्या अशक्तपणाची आणि थकव्याची. कॅल्शियम फार कमी झालं तर ओठांभोवती मुंग्या येतात, हाताचे पंजे आणि पावलं दोन्ही वाकडी होतात, आणि हे दिवसाढवळ्याही होतं. फक्त पोटरीत, फक्त रात्री येणारा गोळा त्याचं चित्र नव्हे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर मॅग्नेशियम मनाने घेऊच नये. ते अंगात साठतं.

क्षारांवर इतकी चर्चा होते आणि घरातला औषधांचा डबा मात्र कुणी उघडून पाहत नाही. माझ्या मते पहिली झडती तिथेच घ्यायला हवी.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात संशोधकांनी एक चतुर युक्ती केली. त्या काळी तिथे रात्रीच्या गोळ्यांसाठी डॉक्टर क्विनीन लिहून देत. प्रांतातल्या औषधचिठ्ठ्यांची नोंद सरकारदरबारी होतीच. तेव्हा प्रश्न असा घातला: माणसाला एखादं नवं औषध सुरू झालं, तर त्यानंतरच्या वर्षात क्विनीन सुरू होण्याचं प्रमाण आधीच्या वर्षापेक्षा जास्त आहे का? औषधाचा गोळ्यांशी संबंध नसेल तर दोन्ही बाजू सारख्या याव्यात. २०१२ साली आलेलं उत्तर असं: दम्यासाठी ओढायच्या दीर्घकाळ काम करणाऱ्या औषधांनंतर (साल्मेटेरॉल, फॉर्मोटेरॉल यांचा गट) क्विनीनच्या चिठ्ठ्या दुपटीहून जास्त. लघवी वाढवणाऱ्या औषधांनंतर साधारण दीडपट, त्यातही पोटॅशियम राखणाऱ्या गटात दुप्पट. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनंतर मात्र वाढ किरकोळ. सगळे बोट स्टॅटिनकडे दाखवतात, आणि आकडे सांगतात भलतंच.

पोटॅशियम राखणाऱ्या गोळ्यांनीही गोळे वाढावेत, हे लक्षात घ्या. पोटॅशियम कमी झाल्यामुळेच गोळे येत असते तर असं झालं नसतं.

आपल्याकडे याचं महत्त्व अशासाठी, की बीपीच्या कितीतरी गोळ्या जोडगोळीच्या असतात. माणूस म्हणतो, ‘मला एकच गोळी आहे.’ त्या एका गोळीत टेल्मिसार्टनबरोबर क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा इंडापामाइड असतं, आणि ही तिन्ही लघवी वाढवणारी औषधं आहेत. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं. मोठ्या अक्षरातल्या ब्रँडच्या नावावरून काहीच कळत नाही.

एक उदाहरण घेऊन पाहू. बाई कल्पित आहेत, पण अशा बाई दर दवाखान्यात भेटतील. वय बासष्ट, निवृत्त शिक्षिका, बीपी सोडून काही नाही. मार्चपासून आठवड्यात चार रात्री पोटरीत गोळा येतो, कधी डाव्या, कधी उजव्या. कॅल्शियम सुरू आहे, दीड महिना मॅग्नेशियम झालं, केळी चालू आहेत. डॉक्टर आधी विचारतात ते औषधांबद्दल, आणि बाई पिशवीतून पाकीट काढतात: टेल्मिसार्टन ४०, क्लोरथॅलिडोन १२.५. आधी नुसतं टेल्मिसार्टन होतं. बीपी वर गेलं म्हणून जोडगोळी सुरू झाली फेब्रुवारीत. गोळे मार्चमध्ये.

तारखा जुळतात, पण तेवढ्यावर निकाल लावता येत नाही. मार्च म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात, आणि कॅनडातल्याच क्विनीनच्या चिठ्ठ्या पाहिल्या तर रात्रीचे गोळे उन्हाळ्यात वाढतात, हिवाळ्यात घटतात. म्हणून डॉक्टर सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासतात. सोडियम १३६, पोटॅशियम ३.७, बाकीही सगळं ठीक. बाईंना वाटतं, रिपोर्ट चांगले म्हणजे गोळीचा दोष नाही. तो निष्कर्ष घाईचा आहे. अशा गोळ्या घेणाऱ्यांत रक्तातले क्षार ठीक असतानाही पायात गोळे येऊ शकतात.

मग पाय तपासले जातात, त्यात काही सापडत नाही. डॉक्टर क्लोरथॅलिडोन काढून त्याजागी अॅम्लोडिपिन देतात आणि दोन सूचना देतात. एक, हे औषध अंगातून हळूहळू जातं, तेव्हा दोन आठवडे तरी निकालाची घाई नको. दोन, कॅलेंडरवर रोज सकाळी खूण करायची: गोळा आला की नाही, आणि त्या दिवसाचं बीपी. महिन्याने खुणा आठवड्याला एकीवर आल्या आणि बीपी १३० च्या आसपास राहिलं, तर बदल टिकवायचा. घोटे सुजले तर तेही सांगायचं, कारण अॅम्लोडिपिनचा तो नेहमीचा त्रास आहे. खुणा कमी झाल्याच नाहीत तर गोळी निर्दोष, आणि ती पुन्हा सुरू करायला हरकत नाही. बीपीची गोळी मनानेच बंद करून पाहणं हा मात्र प्रयोग नव्हे, जुगार आहे. हृदयविकारानंतर दिलेल्या स्टॅटिनलाही तेच लागू.

‘पाय तपासले जातात’ असं वर लिहिलं, त्यात काय पाहतात ते सांगायला हवं, कारण काही गोळे नसा खरोखर बिघडल्याची वर्दी देत येतात. मधुमेहात किंवा बी-१२ च्या कमतरतेत लांबलचक नसांची टोकं आधी झिजतात, म्हणून त्रास बोटांपासून सुरू होतो. तळव्यांना आग होते, कापसावर चालल्यासारखं वाटतं. चालताना चप्पल पायातून निसटली तरी माणसाला कळत नाही, मागून कुणीतरी सांगतं. डॉक्टर कंप पावणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर टेकवतात, नायलॉनच्या तंतूने तळव्याला टोचून ‘कळलं का’ म्हणून विचारतात आणि टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारून पाऊल उडतं का ते पाहतात. अनेक वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं, आणि माणूस पूर्ण शाकाहारी असेल तर ती शक्यता आणखी वाढते. अशांचं बी-१२ पाहिलंच पाहिजे, मग साखर कितीही ताब्यात असो.

दुसरी जागा कमरेची. मणक्यातला मार्ग अरुंद होऊन नसा दबल्या तर रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, आणि दिवसा थोडं चाललं की पाय जड होतात. खरी खूण पुढची: असा माणूस बसला किंवा पुढे वाकला की मोकळा होतो. भाजीच्या हातगाडीवर रेलून तो दूरवर चालेल, सायकल बिनतक्रार चालवेल, पण ताठ उभा राहिला की तक्रार सुरू. नुसतं थांबल्यावर, उभ्या उभ्याच, दुखणं गेलं तर संशय नसांवर न घेता पायाच्या रक्तवाहिन्यांवर घ्यावा. गोळा नेहमी एकाच पायात येत असेल तर त्या पायावर उभं राहून दहा वेळा टाच उचलून पाहावी. दुसऱ्या पायाला जमतं आणि याला जमत नाही, तर कमरेची नस तपासायला हवी.

काही गोष्टींत मात्र वाट पाहू नये. एकच पोटरी सुजली, गरम झाली आणि दुखणं दिवसभर टिकलं, तर तो गोळा नसून शिरेत रक्ताची गुठळी असू शकते; त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गोळे मांडीत, पोटावर, हातांत येऊ लागले, स्नायू कातडीखाली सतत फडफडताना दिसू लागले आणि ताकद कमी झाली, तर मेंदू व मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे जावं.

उरतो प्रश्न उपायाचा. क्विनीन खरोखर लागू पडतं. चाचण्यांत गोळे साधारण पाव हिश्शाहून थोडे जास्त कमी झाले. पण क्वचित एखाद्या माणसात ते रक्तातल्या प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत पाडतं, हृदयाची लय बिघडवतं, आणि हे कुणाला होईल ते आधी ओळखता येत नाही. म्हणून अमेरिकेत १९९४ साली गोळ्यांसाठी ते चिठ्ठीविना विकणं बंद झालं आणि ब्रिटनमध्येही ते सरसकट देऊ नये असं ठरलं. पायातल्या गोळ्याने आजवर कुणी दगावलेलं नाही, तेव्हा ही किंमत जास्तच आहे. २०२४ साली चीनमधल्या एका चाचणीत के-२ जीवनसत्त्वाने गोळे बरेच कमी झाल्याचं दिसलं. चाचणी नीट केलेली आहे, पण एकटी आहे, आणि रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल घेणाऱ्यांनी या जीवनसत्त्वाच्या वाटेला जाऊच नये.

फुकटचा उपाय म्हणजे झोपण्यापूर्वीचा ताण. नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या वरच्या ८० जणांवर २०१२ साली तो तपासला गेला. सहा आठवडे रोज झोपण्याआधी पोटरी आणि मांडीमागचे स्नायू ताणणाऱ्यांचे गोळे, काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत, दर रात्री सरासरी एकाहून जास्त कमी झाले. यात रिकाम्या गोळीसारखी तुलना करता येत नाही, आणि दुसऱ्या एका अभ्यासात असाच व्यायाम फोलही ठरला, हे सांगितलं पाहिजे. पण तोटा काही नाही. भिंतीपासून हातभर लांब उभं राहायचं, तळवे भिंतीवर, एक पाय मागे, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट. पोटरीत ताण जाणवेपर्यंत पुढे झुकायचं, दहा सेकंद थांबायचं, सैल व्हायचं, असं तीनदा, मग दुसरा पाय. टाच उचलली गेली तर ताण पोटरीला बसतच नाही, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. तोल जाणाऱ्यांनी पलंगावर बसून टॉवेलने चवडा ओढला तरी चालेल. पांघरूण पायाकडून सैल सोडावं. सहा आठवड्यांत कॅलेंडरवरच्या खुणा तशाच राहिल्या, तर हा व्यायाम सोडून औषधाचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावं.